माळाला बंदी

सावरदरा हे गाव कवठे येमाईच्या पलीकडं, पावसानं कायम पाठ फिरवलेल्या अंगाला. गावाला ना नदी ना कॅनॉल. होता तो एक माळ, गावाच्या उशाला पसरलेला. सरकारी दप्तरात ते गायरान, गावाच्या तोंडी नुसता माळ. माळ कुणा एकाचा नव्हता म्हणून सगळ्यांचा होता, आणि पायथ्याच्या वाडीतल्या धनगरांचा तर सगळा संसारच त्याच्यावर होता.

भैरू करगळ त्या वाडीतला. लहानपणी त्यानं माळावर कमरेइतका पवन्या पाहिला होता. पवन्या म्हणजे असं गवत की जनावरानं एकदा तोंड घातलं की मान वर करायचं नाव नाही. त्या गवताची राखण भैरूचा बाप करायचा. सगळी वाडी त्याला आबा म्हणायची. आबा पाटील नव्हता, सरपंच नव्हता. पण माळाची रीत त्याच्या हातात होती. मिरगापासून दसऱ्यापर्यंत माळाचा वरचा अर्धा भाग बंद. गवत वाढू द्यायचं, त्याचं बी खाली पडू द्यायचं, मग बिरोबापुढं नारळ फोडून सगळ्यांनी एकदमच मेंढरं वर घालायची. आधी कुणी घुसलं तर त्यानं देवाला एक बोकड द्यायचा. बोकड शिजायचा, घुसणाराही त्याच पंगतीला बसायचा आणि विषय संपायचा. कुणी किती मेंढरं ठेवायची तेही चार माणसांत बोलून ठरायचं. ज्याचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, वाढलं त्यानं जास्तीची मेंढरं दिवाळी झाली की काष्टीच्या बाजाराला न्यायची.

आबा गेला आणि रीत पोरकी झाली. एकदम मोडली असं नाही. गावात कर्जावर शेळ्या आल्या, त्या शेळ्यांना आबाची रीत ठाऊक नव्हती आणि शेळीवाल्यांना ती ऐकायची नव्हती. मग एका श्रावणात वरच्या आळीच्या एका बड्या घरानं आपली गुरं बंद भागात सोडली. बोकड मागायला वाडीतले दोघं गेले. त्यांना चहा मिळाला, पानतंबाखू मिळाली, आणि दोघं हात हलवत परत आले.

पुढच्या वर्षी आषाढातच माळ उघडा पडला. भैरूनं आठवडाभर आपलं खांड खाली धरून ठेवलं. वर शेळ्यांचे ठिपके दिसायचे, रोज थोडे जास्त. शेवटी त्याची बायको बानूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपण राखायचं आन् लोकांनी चारायचं. कुणासाठी राखताय?"

दुसऱ्या सकाळी भैरूनंही मेंढरं वर घातली. त्या पावसाळ्यात तसं कुणीच वाईट वागलं नाही. जो तो आपल्या जनावराचं पोट बघत होता, एवढंच.

पाचसहा वर्षांत माळाचं कातडं सोलल्यागत झालं. आधी पवन्या गेला, मग मारवेल गेली. उरली ती कुसळी, जी मेंढराच्या लोकरीत घुसून कातडीला टोचते, आणि पिवळ्या फुलाची तरवड, जिला कुठलंच जनावर तोंड लावत नाही. पाऊस पडला की पाणी थांबायचं नाही, तांबडी माती घेऊन सरळ ओढ्याला लागायचं. संक्रांतीला विहिरींचे तळ दिसायला लागले आणि शिमग्याला टँकर. रांजणगावला कारखाने उभे राहत होते. गावातली पोरं फाट्यावर उभी राहून कंपनीच्या बसची वाट बघू लागली. भैरूचा थोरला संपत त्यांतलाच. ठेकेदाराकडून लागलेला, आज काम तर उद्या नाही.

सत्त्याण्णव साली एका संस्थेची बाई गावात आली. अनुपमाताई. अंगानं बारीक, उन्हानं काळवंडलेली, गावभर पायी हिंडणारी. महिनाभर ती माळावर फिरली, मग देवळात सभा बसली.

ती म्हणाली, "माळावर चर खणू, खाली बांध घालू, पावसाचं पाणी माळातच जिरवू. झाडं लावू, गवताचं बी टाकू. गावानं श्रमदान करायचं. आणि दोन अटी. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. माळावर एकही जनावर सोडायचं नाही. गवत वाढलं की विळ्यानं कापून घरी न्या आणि गोठ्यात घाला. पण हे सगळ्या गावाला मान्य पाहिजे. एका घरानं नाही म्हटलं तरी आम्हाला काम सुरू करता येणार नाही."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मग सगळ्यांनी भैरूकडं. वाडीतल्या बाकीच्यांचं आता शेळीबकऱ्यांवर आलं होतं. चार विसा मेंढरांचं खांड गावात एकट्या भैरूचं उरलं होतं.

भैरू सभेत बोलणारा माणूस नव्हता. तरी तो उठला. "ताई, माळ बंद करायला पायजे हे मला मान्य हाय. पर कापलेल्या गवतावर गाय जगती, मेंढरांचं खांड जगत न्हाई. त्याला चालायला लागतं. माळाचं तीन भाग करा. दोन बंद, एक चालू. वर्साला भाग बदला. आन् घरटी मेंढरं ठरवून द्या. माझी निम्मी कमी करतो."

अनुपमाताई म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणताय ते चूक नाही. अशी पाळी लावून माळ टिकतात. पण आज तुमच्या माळात मुळंच उरलेली नाहीत. शिवाय वरून अट आहे ती पूर्ण बंदीचीच. मी विचारून बघते."

तिनं खरंच विचारलं. पंधरवड्यानं आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच भैरू समजला.

दुसरी सभा बसली. या वेळी जयसिंग बोलायला उठला. गावातला मोठा बागायतदार होण्याची ऐपत असलेला, पण विहीर कोरडी म्हणून जिरायतीत अडकलेला माणूस. सोसायटीत, पंचायतीत त्याचा शब्द चालायचा. तो भैरूच्या शेजारी येऊन बसला, उभा राहून बोलला नाही.

"भैरूआप्पा, तीन वर्सं कळ काढा. गवत उभं राहू दे. मग तुमी म्हणता तसा एक भाग मेंढरांना मोकळा करू. देवीच्या पुढ्यात शब्द देतो."

भैरूनं देवळाच्या दारातून बाहेर बघितलं. माळ दिसत होता, भाजल्या पाठीसारखा. या बंदीनं गवत येणार, हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. त्यानं हात वर केला. शेजारी बसलेल्या संपतनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

घरी बानूबाई चुलीपुढं बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "हात वर करताना मला इचारलं न्हाई तुमी."

"इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?"

"हेच म्हणले असते. पर इचारायचं व्हतं."

संपत घरी राहिला. भैरू आणि बानूबाई घोड्यावर बिऱ्हाड टाकून, कोकरं जाळीत घालून, दौंडच्या बाजूला उतरले. भीमाकाठचा तो मुलूख हिरवा, पण मेंढराच्या कामाचा नव्हे. खुटबावच्या आसपास रस्त्याला खेटून ऊस. एखादा शेतकरी खताच्या आशेनं रिकाम्या रानात खांड बसवून घ्यायचा, बदल्यात बाजरी द्यायचा. चार दिवसांनी रान नांगराला आलं की उठायचं. उसाच्या दोन सऱ्यांत मेंढरू शिरलं की शिव्या. मग खांड नदीकडं वळायचं. नदीचा काठ तेवढा कुणी अडवत नव्हता.

तिथं जालिंदरची ओळख झाली. जालिंदर भोई. दौंडच्या खाली, जिथं उजनी भरली की भीमेचं पाणी तुंबून पसरतं, तिथं त्याची झोपडी. तो टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचा. बानूबाई त्याच्या घरी दूध द्यायची, त्याच्या घरून मासे यायचे. संध्याकाळी दोघं पुरुष वाळूत बसायचे.

"आमच्याकडंबी रीत व्हती," जालिंदर सांगायचा. "आषाढ-श्रावणात मासा अंड्यावर असतो. पाणी चढलं की तो वर जातो, अंडी घालतो. तवा जाळी खुंटीला. आन् जाळ्याच्या आसातनं, म्हंजी भोकातनं, चार बोटं गेली पायजेत. बारकं पिल्लू निसटून जायला पायजे. या काठाच्या सगळ्या भोयांनी नदीत उभं राहून शपथ घेतली व्हती. दोन वर्सं पाळली. मासा असा वाढला, मामा, की जाळं वढताना खांदं दुखायचं."

"मग?"

"मग लांबची माणसं आली. टेंपोत जाळी घालून. मच्छरदाणीच्या कापडागत जाळी. त्यातनं पाणीबी सुटंना. आमी आडवं गेलो तर म्हणाली, पाणी तुझ्या बापाचं हाय का? खरंच की, पाणी माझ्या बापाचं न्हवतं. हाफिसात गेलो. साहेब म्हणाला, पाणी केवढं लांब पसरलंय, आमी माणसं किती, कुठं कुठं बघणार?"

भैरूनं ती जाळी पाहिली. काठावर प्लास्टिकच्या कागदावर बोटुकल्या वाळत घातलेल्या असायच्या. नखाएवढे रोहू, नखाएवढे कटले, तांदूळ सांडल्यासारखे. कोंबडीच्या खाद्याला जातात म्हणे. महिनाभर तरी नदीत राहिले असते तर ओळखू आले असते, वर्षभर राहिले असते तर एकेक मासा घरभर पुरला असता.

भैरूला तेव्हा आपल्या गावाचा अभिमान वाटायचा. "आमच्या गावानं माळ बंद केलाय. एक शेळी वर जात न्हाई. गेली तर दंड. राखणदार ठेवलाय."

"बरं हाय. तुमचा माळ एका गावाचा हाय, कोण कुठला त्ये कळतं. पाण्याला कुणीबी लागतं." जालिंदरनं विडी वाळूत खुपसली. "पर मामा, गावाचं बरं चाललंय, तर तुमी हितं कसं?"

भैरू हसला. तीन वर्षांचीच तर गोष्ट होती.

दुसऱ्या पावसाळ्यात खांड परत त्याच काठाला आलं, तर जालिंदर घराच्या आडोशाला बसून जाळं सांधत होता. जाळं ते मच्छरदाणीचंच होतं. भैरू जवळ जाऊन उभा राहिला.

"हे तुझं?"

"माझंच." जालिंदरनं मान वर केली नाही. "गेल्या साली चार बोटांच्या जाळ्यात सहा महिने पाणीच आलं. बोटुकली मी सोडली, ती पुढच्या वळणावर ह्यांनी धरली. मोठी व्हायला तिला कोण ठेवतंय? मग माझ्याच पोरांनी का उपाशी मरायचं?"

भैरूच्या घरात चुलीपुढं हेच बोलणं झालं होतं. त्या दिवशी जालिंदरच्या घरून मासे आले ते बोटाएवढे होते. बानूबाईनं ते मुकाट्यानं तळले.

तीन वर्षं सरली. दिवाळीच्या आधी खांड सावरदऱ्याच्या शिवेला आलं आणि भैरू वाटेतच थांबला. माळाच्या अंगावर बाजेच्या सुतळीसारखे चर ओढलेले, आणि चरांच्या मधून गवत. नुसती कुसळी नाही. मारवेल होती, आणि उतारावर पवन्या, मांडीला लागणारा, वाऱ्यावर कलंडणारा. भैरू खाली बसला. त्यानं पवन्याचं एक कणीस तळहातावर चोळलं. बी भरलेलं होतं. मागं मेंढरांनी वास काढला होता, ती चराच्या कडेला दाटली होती आणि बानूबाई "हुर्र, हुर्र" करत त्यांना मागं लोटत होती. तिचा पदर डोळ्याला होता.

गावही बदललं होतं. विहिरींना पाणी होतं. भैरूच्या दोन एकरांच्या तुकड्यात संपतनं कांदा लावला होता आणि दारात छपराखाली दोन जर्सी गाई बांधल्या होत्या. सून मोनिका डोक्यावर गवताचा भारा घेऊन माळावरून उतरत होती. घरटी एक विळा, रोज एक भारा, कापायचं ते बी पडल्यावर, असा माळ राखायला गावानं नेमलेल्या कमिटीचा नियम होता. संपत आता कंपनीच्या बसची वाट बघत नव्हता. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालत होता.

भैरूनं चार दिवस मेंढरं पडीक रानात धरली आणि जयसिंगकडं गेला. जयसिंगनं त्याला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसला. शब्दाची आठवण करून द्यावी लागली नाही.

"शब्द दिलाय, आप्पा. मी इसरलो न्हाई. पर आता माझ्या एकट्याच्या हातात राह्यलं न्हाई. सभेत मांडू."

सभा बसली. या वेळी देवळात बसायला जागा नव्हती. जयसिंगनं भैरूचं म्हणणं स्वतःच मांडलं आणि नीट मांडलं. माळाचे तीन भाग, एकात मेंढरं, ठरावीक संख्या, वर्षाला पाळी. मग तो थांबला.

"आता माझं म्हणणं ऐका. आज गावात प्रत्येक गोठ्यात गाय हाय, ती या गवतावर हाय. तिसरा भाग मेंढरांना दिला तर गवताचा तिसरा हिस्सा कमी व्हतो. तेबी सोसू. पर आज भैरूआप्पाची मेंढरं सोडली, तर उद्या शेळीवाला मला इचारल, माझ्या शेळीनं काय घोडं मारलंय? त्याला काय सांगू? बंदी हाय म्हणून तर ती सगळे पाळत्यात. एकाला वाट दिली की वाटच पडती."

कुणी आवाज चढवला नाही. शेळ्या विकलेला एक जण मागून एवढंच म्हणाला, "आमीबी विकल्याच की."

भैरू उठला. "पाळी लावली तर राखणबी लावता येती. मी सोता राखतो. आकडा वाढला तर माझं खांड जप्त करा. मेंढरू माळ खातं, तसं लेंडीबी माळालाच टाकतं. माझ्या बापानं..." पुढं त्याला सुचेना. अनुपमाताई या वेळी सभेला नव्हती. संस्थेचं काम संपून ती दुसऱ्या तालुक्यात गेली होती.

हात वर करायला सांगितले. एक भाग मोकळा करावा म्हणून भैरूचा हात वर गेला. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांचे गेले. बायकांच्या बाजूला बानूबाईचा गेला. भैरूनं नकळत शेजारी बघितलं. संपत मांडीवरच्या टोपीची शिवण नखानं उसवत बसला होता. त्याचे दोन्ही हात तिथंच होते.

रात्री जेवताना संपतच बोलला. "दादा, तुमचं मला पटत व्हतं."

"मग?"

"जयसिंगकाकांचंबी पटत व्हतं."

भैरूनं भाकरी मोडली. पोरावर रागवावं असं त्याच्या मनात आलं, पण राग कुठं ठेवावा ते कळेना. पोराच्या ताटात जे दूध होतं ते माळाचं होतं. त्याच्याही ताटात तेच होतं. बंदी पाळली म्हणून ते आलं होतं, आणि बंदीला हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्याचाच होता. मोनिकानं त्याच्या ताटात आणखी दूध वाढलं. तो नको म्हणाला नाही.

दौंडकडं परत जाण्यात अर्थ नव्हता. त्या वर्षी लोकांनी कलिंगडं लावायला नदीचा काठ वाटून घेतला होता, आणि उसानं उरलं रान गिळलं होतं. बानूबाईचे गुडघे चालायचं नाही म्हणत होते. दिवाळीनंतरच्या शनिवारी भैरू खांड घेऊन काष्टीला गेला. परत आला तेव्हा घोंगडी आणि काठी तेवढी बरोबर होती. येताना दौंडला उतरून तो जालिंदरच्या झोपडीवर गेला. झोपडीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, रेल्वेच्या ठेकेदाराकडं खडी टाकायला जातो आता. जाळं? ते पडलंय की तिकडं, कोण टाकतंय, काय लागतंय त्यात. नदी भरून वाहत होती. वरून बघणाऱ्याला तिच्यात काही कमी आहे असं वाटलं नसतं.

काही महिन्यांनी कमिटीचा जुना राखणदार थकला. जयसिंग स्वतः वाडीत आला. "आप्पा, माळ तुमच्यासारखा कुणाला कळत न्हाई. राखण तुमी घ्या." उपकार करतोय असा त्याचा सूर नव्हता. बहुतेक तोही आपल्या परीनं काहीतरी फेडत होता. भैरूनं बानूबाईकडं बघितलं. या वेळी त्यानं विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "घरात बसून तरी काय करणार हाय?"

भैरूनं माळ राखला तो मनापासून. कुठल्या चराची माती ढासळली, कुठल्या अंगाला वणव्याची भीती, कुठं विळा मुळाशी लागला, हे तो कमिटीला सांगायचा. पहिल्या चुकीला समज, दुसरीला दंड, तिसऱ्या वेळी महिनाभर विळा बंद. तो कुणाला ओरडत नसे. जयसिंगच्या गड्यालाही त्यानं एकदा भाऱ्यासकट परत पाठवलं होतं आणि जयसिंगनं दंड मुकाट्यानं भरला होता. नियम होता तो सगळ्यांना होता. यात खोट काढायला जागा नव्हती, आणि भैरूला कधीकधी वाटायचं, खोट असती तर बरं झालं असतं.

मग पाऊस रुसला. एक वर्ष ओढ दिली, दुसऱ्या वर्षी तर आलाच नाही. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात शिरूर तालुक्यात गुरांच्या चारा-छावण्या पडल्या, टँकर फिरू लागले. सावरदऱ्याच्या विहिरींना तळाला का होईना पाणी होतं, आणि माळावर वाळलेला का होईना पवन्या उभा होता. आठ कोसांवरून तो पिवळा दिसायचा.

एका दुपारी खालच्या रस्त्याला धूळ उठली. भैरू लिंबाखालून उठून चराच्या कडेला आला. खांड होतं. मेंढरांच्या बरगड्या लोकरीतून मोजता येत होत्या. पुढं घोडं, त्यावर कोंबड्या आणि एक लेकरू, मागं डोईला घोंगडी घेतलेली एक बाई. कुशाबाई तिचं नाव, हे तिनं नंतर सांगितलं. नवरा छावणीवर काम मिळतं का बघायला गेला होता आणि ती खांड घेऊन दौंडच्या खालून वर सरकत होती. जिकडं चारा, तिकडं.

"राम राम, मामा. पाणी हाय का?"

"हाय."

"चाराबी दिसतोय."

"दिसतोय. पर बंदी हाय, बाय."

कुशाबाईनं माळावरून नजर फिरवली. "एक रात द्या. कडंकडंनं नेते. मदी घालत न्हाई."

"न्हाई जमायचं."

"कोण बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. ऊन इतकं होतं की माळावर चिमणी नव्हती. भैरूनं रस्त्याकडं बघितलं. तिच्या मागं लांब आणखी एक धुळीचा लोट होता, आणि त्याच्याही मागं एक. हे एक खांड आत गेलं की ती दोन येणार, मग सगळा मुलूख येणार, आठवड्यात माळ पुन्हा तरवडीवर येणार आणि गावच्या गाई छावणीला जाणार. हे त्याला दिसत होतं. पुढच्या दोन मुक्कामांत हिच्या खांडातली निम्मी मेंढरं बसणार आणि उठणार नाहीत, हेही त्याला तितकंच दिसत होतं.

"तुमी धनगरच न्हवं?" कुशाबाईनं विचारलं. बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"व्हय."

"मेंढरं कुठं हायती तुमची?"

"न्हाईत आता."

भैरू म्हणाला, "माझ्या हिरीवर चल. पाणी पाजून घे." विहीर त्याची होती, तिथं कमिटीचा नियम नव्हता. संपत कांद्यात होता, त्यानं मान वर करून बघितलं आणि खांडाचा आकार बघून काही बोलणार होता, पण बापाचा चेहरा बघून विहिरीवरचं इंजिन सुरू करायला गेला. मेंढरं पाण्याच्या दांडावर तुटून पडली. विहिरीतलं पाणी हातभर उतरलं. बानूबाईनं भाकऱ्या आणून कुशाबाईच्या पदरात घातल्या, आणि खांडातल्या एका काळ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

"पुढं कुठल्या गावाला चारा असंल?" कुशाबाईनं निघताना विचारलं.

भैरूला एकही गाव सांगता येईना. "पारनेरच्या अंगाला बघ," तो म्हणाला, आणि खोटं बोलल्यासारखं वाटून त्यानं नजर वळवली.

वाट माळाच्या कडेकडेनं जात होती. भैरू चराच्या आतल्या बाजूनं खांडाबरोबर चालत राहिला, माळ संपेपर्यंत. पाणी पोटात गेल्यावर मेंढरांना गवताचा वास जास्तच लागला होता. चालता चालता ती चरापलीकडं माना लांबवत होती. काठावरच्या पवन्याचे सुकलेले झुपके त्यांच्या तोंडाला लागत होते आणि काडकन तुटत होते. भैरू थोडा वेळ समोरच बघत चालत राहिला. मग पुढची दोन मेंढरं चरात उतरली आणि त्यांच्यामागं सगळं खांड कलायला लागलं, तेव्हा त्यानं काठी आडवी धरली.